‘नाही’च्या आधी थांबायचं की नंतर: एका व्हॉइस नोटवरून कामाचा कागद

जुळे सोलापुरातलं एक बैठं घर. स्वयंपाकघराच्या छताचा एक कोपरा ओला आहे आणि तिथला गिलावा सुटलाय. घरच्या आत्यांनी ठेकेदार अण्णांसाठी फोनवर बोलून ठेवलं, ६ मिनिटं ४० सेकंद. फोननं त्याचं लिखाणही करून दिलं. ते लिखाण तसंच पुढं ढकलता आलं असतं. पण त्यावरून गवंड्यानं काम केलं असतं, तर भलतंच झालं असतं. म्हणून त्यातून एक पानाचा कागद केला. तो कसा झाला, ते इथं लिहितो.

सुरुवातीचा तुकडा फोननं लिहिला तसाच देतो:

‘अण्णा ऐका हा ते स्वयंपाक घरात वरनं पाणी गळालं आहे कोपऱ्यात खिडकीच्या नाही ओट्याच्या बाजूला २३ जागी पोपडे आलेत आणि परवा पाऊस झाला तेव्हा नाही आमच्या इथं पाणी आलं होतं तेव्हा जास्त दिसलं वरचा कोबी फुटलाय आणि प्यारा पेठला वाट नाही असं तो म्हणाला होता मागच्या वेळी पांढरं सिमेंट भरलं तसंच भरून टाका १२ गोण्या लागतील’

या लिखाणावर थेट पेन चालवायचा नाही, हे पहिलं. रेकॉर्डिंग कानाला लावून, लिखाण समोर ठेवून ओळ न् ओळ तपासायची. मूळ लिखाण वेगळं जपून ठेवायचं आणि दुरुस्ती त्याच्या नकलेत करायची, कारण पुढं शंका आली की परत मुळाकडंच जावं लागतं.

सरळ चुका लगेच सापडतात. ‘कोबी’ म्हणजे कोबा, गच्चीवर विटांच्या तुकड्यांवर सिमेंट ओतून केलेला थर. ‘प्यारा पेठ’ म्हणजे पॅरापेट, गच्चीच्या कडेची बुटकी भिंत. सोलापुरात साखर पेठ, भवानी पेठ असताना फोनला आणखी एक पेठ सुचली, यात त्याचा फार दोष नाही. ‘वाट नाही’ म्हणजे वाटा नाही. गच्ची आणि पॅरापेट जिथं मिळतात त्या कोनात गोलसर भरलेल्या सिमेंटला वाटा म्हणतात. तो नसला तर पाणी नेमकं त्या सांध्यात शिरतं. असे शब्द हसून दुरुस्त करता येतात, कारण ते चुकलेले दिसतात.

चुकलेले दिसत नाहीत ते आकडे जास्त घात करतात. आत्या ‘दोन-तीन जागी’ म्हणाल्या, फोननं २३ लिहिलं. ‘एक-दोन गोण्या’च्या १२ झाल्या. मराठीत अंदाज सांगताना आपण लागून येणारे दोन आकडे जोडीनं बोलतो आणि फोन ते एकाच संख्येचे दोन अंक समजतो. त्यामुळं लिखाणात १२, २३, ३४, ४५, ५६ यांपैकी काही दिसलं की तिथं थांबून परत ऐकायचं. ‘पाच-सहा फुटां’चे ५६ फूट होतात तेव्हा निदान शंका तरी येते. १२ गोण्या मात्र खऱ्या वाटतात आणि दारात येऊन पडतात.

तिसरी गोष्ट बोलीची. आत्या म्हणाल्या होत्या, ‘वरनं पाणी गळलालंय.’ सोलापुरी कानाला याचा अर्थ स्पष्ट आहे: गळतंय, आत्ता, चालू आहे. फोननं ‘गळालं आहे’ लिहिलं, म्हणजे कधीतरी गळलं आणि थांबलं. कामाच्या दृष्टीनं ही दोन वेगळी कामं आहेत. थांबलेल्या गळतीला आतून गिलावा करून भागतं. चालू गळतीवर आतून गिलावा केला तर पाणी त्याच्या मागं साठतं आणि नवा गिलावाही सुटतो. ‘करलालाय’, ‘येलालाय’, ‘गळलालंय’ हे सगळं कागदावर चालू काळात आणायचं आणि पुढं ‘अजून चालू’ असं लिहायचं.

आता मुख्य अडचण. या तुकड्यात ‘नाही’ दोनदा दुरुस्तीसारखं आलंय. ‘खिडकीच्या नाही ओट्याच्या बाजूला’ यात संशय नाही: खिडकी खोडली, ओटा धरला. पण ‘परवा पाऊस झाला तेव्हा नाही आमच्या इथं पाणी आलं होतं तेव्हा जास्त दिसलं’ हे वाक्य दोन तऱ्हेनं वाचता येतं. ‘तेव्हा नाही’ इथं थांबलं तर अर्थ असा: पावसात ओल वाढली नाही, नळाला पाणी आलं त्या दिवशी वाढली. ‘नाही’च्या आधी थांबलं तर ते नुसतं बोलण्यातलं ‘नाही’ ठरतं, ‘नाही, मी काय म्हणते’मधलं. मग पाऊस आणि ‘आमच्या इथं पाणी आलं’ ही एकाच प्रसंगाची दोन वर्णनं होतात, म्हणजे पावसाचं पाणी घरात आलं.

एका अर्थानं गच्चीचं काम निघतं, दुसऱ्या अर्थानं टाकीचं. फोननं विराम दिले नव्हते, त्यामुळं कागदावरून हे कधीच कळलं नसतं.

ऐकल्यावर ‘तेव्हा नाही’ एका दमात आहे आणि त्यानंतर श्वास आहे. शिवाय ‘पाणी’वर जोर आहे. माणूस स्वतःचं बोलणं दुरुस्त करतो तेव्हा नव्या शब्दावर जोर पडतो, हे बहुतेक वेळा खरं ठरतं. तरी एवढ्यावर कागद करायचा नाही. आत्यांना विचारलं, पण उत्तर तोंडात न देता. ‘नळाला पाणी येतं तेव्हाच वाढते ना?’ असं विचारलं तर मोठी माणसं ‘हो तर’ म्हणून मोकळी होतात. विचारलं ते असं: ‘आत्या, ओल कधी वाढते?’ उत्तर आलं: वळवाची सर आली त्या रात्री डाग होता तेवढाच होता. दुसऱ्या दिवशी नळ आला, टाकी भरून वाहिली आणि संध्याकाळी डाग परातीएवढा झाला.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं. आलं की घरोघरी मोटारी लागतात आणि टाक्या काठोकाठ भरतात. या घरात सिन्टेक्सची हजार लिटरची टाकी नेमकी स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यावर आहे आणि तिच्या ओव्हरफ्लोचा पाइप वीतभर बाहेर येऊन संपतो. वाहिलेलं सगळं पाणी टाकीच्या पायाशी, पॅरापेटच्या कोनात पडतं. वर्षातून मोजके दिवस पडणाऱ्या पावसापेक्षा हा कोपरा दर पाण्याच्या दिवशी भिजणं जास्त वाईट.

तरीही ‘कारण: टाकी’ असं कागदावर ठाम लिहिलं नाही. कोबा पाणी धरून ठेवतो. पाऊस आज पडला आणि थेंब दुसऱ्या दिवशी खाली आला, असं होऊ शकतं. म्हणजे टाकी वाहिली त्याच संध्याकाळी दिसलेली ओल आदल्या रात्रीच्या पावसाची असणं अशक्य नाही. व्हॉइस नोटमध्ये दिसलेलं, ऐकलेलं आणि मनानं ठरवलेलं एकत्र असतं. कागदावर ते वेगळं करायचं. ‘ओट्याच्या कोपऱ्यात ओल’ हे दिसलेलं. ‘वाटा नाही असं तो म्हणाला होता’ हे ऐकलेलं (‘तो’ म्हणजे मागचा प्लंबर, हेही विचारावं लागलं). ‘पांढरं सिमेंट भरून टाका’ हा उपाय, तोही मागच्या वेळी न टिकलेला. उपाय हुकमासारखा लिहून दिला तर गवंडी तेवढंच करतो आणि त्याची चूक म्हणता येत नाही. भेगेत वरवर भरलेलं पांढरं सिमेंट कडक होतं, उन्हानं स्लॅब तापतो-निवतो तसं ते कडेनं सुटतं आणि खालचं पाणी मात्र झाकतं. म्हणून आत्यांची ही ओळ कागदात उलटी गेली: पांढरं सिमेंट वापरू नये. हे त्यांना सांगून केलं, गुपचूप नाही.

मग टेप घेऊन घरात जायचं. आत्या बोलत बोलत फिरत होत्या, त्यामुळं ‘हे’, ‘तिथलं’, ‘एवढं’ हे शब्द हाताच्या खुणेवर उभे होते आणि खूण रेकॉर्ड होत नाही. अशा प्रत्येक शब्दाच्या जागी माप आणि दिशा लिहायची. पोपड्यांच्या जागा प्रत्यक्षात तीन निघाल्या, दोन छताला आणि एक भिंतीला. त्यांवर खडूनं १, २, ३ लिहिलं आणि फोटो काढले. कागदातही तेच आकडे. गवंडी आणि बिगाऱ्यांमध्ये घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे बरेच असतात. मराठी समजतं, पण ‘ओट्याच्या अलीकडचा’ आणि ‘पलीकडचा’ यांत गोंधळ होतो. भिंतीवरचा आकडा कुणालाही कळतो.

‘एक-दोन गोण्या’ कागदातून काढून टाकल्या. सिमेंट किती लागेल हे अण्णांनी काढायचं. आपण क्षेत्र आणि जाडी द्यायची. गेटच्या रंगाबद्दल दीड मिनिट आहे आणि मागच्या कामातल्या राहिलेल्या पैशांबद्दल थोडं कडवट बोलणं आहे. रंगाचा कागद वेगळा होईल. पैशांचं आत्या आणि अण्णा समोरासमोर बोलतील. ते गवंड्याच्या हातातल्या कागदावर नको.

तपासणीचं कलम लिहिताना गावाचा विचार करावा लागतो. नेहमीची रीत अशी, की गच्चीवर बांध घालून दोन इंच पाणी ४८ तास ठेवायचं आणि खाली बघायचं. ही गच्ची २५ फूट बाय २४ फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. दोन इंचाला सुमारे २,८०० लिटर पाणी लागेल, जवळपास तीन टाक्या. एवढं पाणी तपासणीला कुणी देणार नाही, आणि द्यायची गरजही नाही. संशय आहे त्या कोपऱ्यातच ५ फूट बाय ६ फूट मातीचा बांध घातला तर १४० लिटरात भागतं, म्हणजे दोनशे लिटरचं एक पिंप पुरे. मे महिन्याच्या उन्हात बांधातलं पाणी नुसतं उडूनही उतरतं. म्हणून शेजारी पाणी भरलेली एक बादली ठेवायची. बादली जेवढी उतरली तेवढंच बांधातलं उतरलं असेल तर ते ऊन. बांधातलं त्याहून जास्त उतरलं तर पाणी कुठंतरी जातंय, मग तो खालचा डाग असो की बांधाची माती. निकाल शेवटी छताखालीच लागतो.

दोन्ही कारणं वेगळी करायला क्रमही महत्त्वाचा. आधी ओव्हरफ्लो लांब न्यायचा आणि एक पाण्याचा दिवस जाऊ द्यायचा. डागाची कड पेन्सिलनं आखून तारीख टाकलेली असेल तर तो वाढला का हे वादाशिवाय दिसतं. त्यानंतर बांध घालायचा. दोन्ही एकदम केलं तर कशानं थांबलं ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून.

यातून झालेला पहिला कागद असा, पुढं त्यात थोडे बदल झाले:

काम: स्वयंपाकघराच्या छताची ओल. गळती अजून चालू आहे.

जागा: ओट्याची भिंत आणि पूर्वेची भिंत मिळतात तो कोपरा. छतावर १ आणि २, भिंतीवर ३ असे खडूचे आकडे आहेत. सर्वांत मोठी जागा १, अडीच फूट बाय दीड फूट. वर गच्चीत याच जागी पाण्याची टाकी आहे.

घरच्यांनी पाहिलेलं: नळाला पाणी येऊन टाकी वाहते त्या दिवशी डाग वाढतो. मागच्या पावसात त्या रात्री वाढला नव्हता.

१. टाकीचा बॉल कॉक तपासा. क्षार बसून अडकत असेल तर बदला. टाकीच्या बुडाच्या सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून तो भिजतो का बघा.

२. ओव्हरफ्लोला आहे त्याच मापाचा पाइप जोडून १२ फुटांवरच्या पन्हळीपर्यंत न्या. आहे त्याहून बारीक पाइप लावू नका. शेवट उघडा आणि खालून दिसेल असा ठेवा, तोंडाला जाळी लावा.

३. डागाची कड पेन्सिलनं आखली आहे, ती पुसू नका. यानंतर नळाला पाणी येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी बघून आम्हाला सांगा. तोवर काहीही फोडू नका.

४. मग गच्चीच्या कोपऱ्यात ५ बाय ६ फूट मातीचा बांध, दोन इंच पाणी, ४८ तास. शेजारी पाण्याची बादली ठेवा.

५. या ४८ तासांत डाग वाढला तरच कोबा उघडा, फक्त बांधाच्या आतला, आणि त्याआधी फोन करा. जुन्या कोब्याची कड उतरती कापा, सरळ नको. सांध्याला सिमेंटचं पातळ पाणी मारून मग नवा कोबा. पन्हळीकडं ८ फुटांना १ इंच ढाळ. पॅरापेटच्या कोनात ४ इंची वाटा, आणि तो जुन्या वाट्यापर्यंत नेऊन जोडा. वाटा कुठंच नसेल तर तसं कळवा, दर वेगळा ठरवू.

६. आतलं काम सगळ्यात शेवटी, डाग सुकल्यावर. हातोडीच्या दांड्यानं ठोकून जिथं पोकळ आवाज येतो तो गिलावा काढा, त्याच्या पुढं आणखी ४ इंच. लोखंड गंजलेलं दिसलं तर झाकू नका. काम थांबवून फोटो पाठवा.

७. स्लॅबला टाचे मारून, धुऊन, छताला १ भाग सिमेंट ३ भाग वाळूचा पातळ गिलावा, पाव इंचाच्या आसपास. पांढरं सिमेंट वापरू नका.

८. नवा कोबा आणि गिलावा सकाळी ऊन चढायच्या आत. कोब्यावर ओली पोती, ७ दिवस भिजवणं.

माल: सगळा तुमचा. सिमेंटचा हिशोब मापावरून तुम्ही काढून आधी सांगा.

काम पूर्ण कधी म्हणायचं: दुरुस्तीनंतर परत बांध घालून ४८ तास पाणी ठेवल्यावर खाली नवी ओल नाही, आणि छत ठोकल्यावर पोकळ आवाज नाही.

यातल्या तिसऱ्या आणि पाचव्या कलमातला थांबा सगळ्यात महत्त्वाचा. ठेकेदाराच्या दृष्टीनं थांबणं म्हणजे खाडा. माणसं दुसऱ्या साइटवर जातात आणि परत यायला वेळ लागतो. त्यामुळं तो थांबा तोंडी सांगितला तर पाळला जात नाही. ‘यानंतर’ आणि ‘तरच’ हे दोन शब्द कागदावर लागतात. कलम ६ आधी उरकून घ्यायचा मोहही मोठा, कारण घरच्यांना दिसतं ते तेच.

कागद आधी आत्यांना वाचून दाखवला, हातात दिला नाही. वाचताना त्यांनी दोन ठिकाणी अडवलं. त्यांना ‘पूर्वेची भिंत’ कळेना, त्यांच्या लेखी ती देवघराची भिंत. दोन्ही नावं लिहिली. दुसरं, टाकी वाहते ती मोटार बंद करायला विसरल्यामुळं, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. सहा मिनिटांच्या बोलण्यात हे कुठंच नव्हतं. या घरात मोटार जमिनीखालच्या हौदातून थेट टाकीत पाणी चढवते आणि त्या पाइपाला बॉल कॉकच नाही. म्हणजे पहिलं कलम चुकीच्या पायावर होतं. ते बदललं: बॉल कॉकचं वाक्य काढलं आणि पाणी भरल्यावर मोटार आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवण्याचा दर वेगळा मागितला. नुसता बॉल कॉक बसवला असता तर तोंड बंद झाल्यावरही मोटार जोर लावत राहिली असती आणि पाइपाचे सांधे सुटले असते.

मग अण्णांना पाठवला आणि ‘समजलं का?’ असं न विचारता ‘पहिल्या दिवशी काय करणार ते सांगा’ असं विचारलं. त्यांनी ओव्हरफ्लो सांगितला, डागाची कड सांगितली, थांबणंही सांगितलं. शेवटी त्यांनीच एक विचारलं: ‘कोबा सात दिवस भिजवायचा म्हणता, त्यात नळ एकदाच येणार. पाणी कुणाचं?’

माल सगळा तुमचा, असं लिहिलं होतं. पाणी त्यात येतं की नाही, हे लिहिलं नव्हतं. नववं कलम वाढलं: भिजवायचं पाणी घरच्या हौदातून, रोज दोन घागरी पोत्यांवर. जास्त लागलं तर आदल्या दिवशी आत्यांना सांगा.